मिक्सर मधेच बंद पडला. अभिप्रायात काय लिहावे?

«सप्रेम नमस्कार. दिवाळीच्या आधी मी ऑनलाइन ७५० वॅटचा मिक्सर मागवला आणि तिसऱ्याच दिवशी ‘अप्रतिम मिक्सर! डोळे झाकून घ्या!’ असे लिहून पाच स्टार दिले. खोक्यात एक कार्ड होते, पाच स्टार देऊन त्याचा फोटो पाठवला तर २०० रुपये मिळतील असे, तेही मिळाले. आता पाच महिन्यांनी सुक्या खोबऱ्याचे वाटण करताना मिक्सर दोन वेळा मधेच बंद पडला, चटणीच्या भांड्याखाली पाणी दिसते, आणि तक्रार केल्यावर मेकॅनिक नवव्या दिवशी आला व सुटा भाग नाही म्हणून परत गेला. मी रागाने लिहून ठेवले आहे : ‘भिकार मिक्सर. मोटर जळते. कंपनी चोर आहे. कोणीही घेऊ नका. एक स्टार.’ मुलगा म्हणतो, आई, हे टाकू नकोस. मग खरे लिहायचेच नाही का? — एक गृहिणी, कराड»

ताई, सप्रेम नमस्कार.

लिहा, अवश्य लिहा, आणि जुना अभिप्रायही आहे तसा राहू देऊ नका. मात्र त्याआधी दोन दिवस थांबा. तुम्ही लिहून ठेवलेल्या मजकुरातले एक वाक्य बहुधा चुकीचे आहे, एक तुम्हाला कधीच सिद्ध करता येणार नाही, आणि विकत घेणाऱ्याला ज्याचा खरा उपयोग झाला असता ते तर त्यात आलेलेच नाही.

चुकीचे वाक्य म्हणजे ‘मोटर जळते’. मिक्सर चालता चालता एकाएकी गप्प होणे आणि मोटर जळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भांड्यात जिन्नस जास्त झाला किंवा पात्याखाली काही अडकून बसले, की मोटरला जोर लावावा लागतो, ती जास्त वीज ओढते आणि तापू लागते. ती जळू नये म्हणून घरगुती मिक्सरमध्ये वीज तोडणारी एक सोय बसवलेली असते. मिक्सर उलटा करून पाहिलात तर तळाशी बहुधा लाल रंगाचे एक छोटे बटण दिसेल. जोर फार झाला की ते बाहेर येते आणि मिक्सर बंद होतो. अशा वेळी प्लग काढावा, भांडे थोडे रिकामे करावे, पाच-दहा मिनिटे मोटर निवू द्यावी आणि बटण आत दाबावे. मिक्सर पुन्हा सुरू होतो. तुमचा मिक्सर दुसऱ्यांदा बंद पडला, त्याअर्थी पहिल्यांदा बंद पडल्यानंतर तो सुरू झाला होता, आणि जळालेली मोटर अशी सुरू होत नाही.

सुके खोबरे हा जिन्नस मिक्सरसाठी मोठा कठीण असतो. जाड तुकडे टाकले तर ते पात्याला अडतात, आणि भाजून गरम असतानाच टाकले तर तेल सुटून त्यांचा लगदा पात्याखाली दडपून बसतो. म्हणून आधी स्वतःशी हे पडताळून पाहा. भांड्याच्या निम्म्याहून कमी, पातळ काप केलेले, भाजून पूर्ण गार झालेले खोबरे घ्या आणि ते सलग न फिरवता काही सेकंद फिरवून थांबत, पुन्हा फिरवत वाटा. एवढी काळजी घेऊनही मिक्सर बंद पडला, तर तो खरोखर दोष आहे आणि तो ठामपणे लिहिण्याचा तुम्हाला अधिकार आहे. बंद पडला नाही, तर लिहिण्याजोगी गोष्ट वेगळी आहे : हा मिक्सर भांडे भरून सुके खोबरे वाटू देत नाही, थोडे थोडे करून वाटावे लागते. एकत्र कुटुंबात एका वेळी मोठे वाटण करणाऱ्या घराला हे वाक्य ‘भिकार’ या शब्दापेक्षा कितीतरी मोलाचे आहे, आणि दोघांच्या संसाराला त्यातून हेही कळते की आपल्याला याची अडचण होणार नाही. अर्थात, धूर निघाला असेल किंवा करपल्याचा उग्र वास येऊन मिक्सर पुन्हा सुरूच झाला नसेल, तर घरी कोणताही प्रयोग करू नका. ते काम सर्व्हिस सेंटरचे आहे. नव्या मिक्सरला पहिल्या काही वापरांत जो हलका वास येतो तो यात धरू नये. मोटरच्या तारांवरचे वार्निश तापल्यामुळे तो येतो, आणि कित्येक माहितीपत्रकांत तशी सूचनाही असते. तरीही ‘पहिल्याच दिवशी जळका वास, वस्तू परत केली’ असे अभिप्राय मी इतके वाचले आहेत की त्यांतले खरे किती आणि घाईचे किती, हे सांगणे अवघड आहे.

पाण्याचेही तसेच. भांड्याखाली पाणी दोन वाटांनी येऊ शकते. झाकणाच्या कडेचे रबर नीट बसलेले नसेल, तर वाटताना पाणी वरून निसटते, बाहेरच्या बाजूने ओघळते आणि खाली साचते. असे असेल तर रबर काढून, धुऊन, पुन्हा बसवून पाहावे. दुसरी वाट पात्याच्या दांड्याची आहे. तो दांडा भांड्याच्या तळातून ज्या ठिकाणी बाहेर येतो तिथला बुश किंवा सील झिजले, की पाणी आतूनच झिरपते. कोणती वाट आहे ते ओळखायला मेकॅनिक लागत नाही. भांडे निम्मे पाण्याने भरा, ते मिक्सरवर न ठेवता कोरड्या वर्तमानपत्रावर पंधरा मिनिटे तसेच राहू द्या. कागद ओला झाला तर गळती तळातूनच आहे. कागद कोरडा राहिला आणि फक्त वाटताना पाणी दिसले, तर आधी झाकण तपासा. तरीही थांबले नाही, तर दांडा फिरतानाच सील पाणी सोडते आहे असे समजावे. तळातून गळणारे भांडे मात्र तूर्त वापरू नका. ते पाणी खालच्या कपलरवर पडते आणि तिथून मोटरमध्ये जाऊ शकते. पाच महिन्यांत तळातून गळणे हा वॉरंटीतला सरळ दोष आहे आणि अभिप्रायात तो पहिल्या दोन-तीन ओळींतच यायला हवा. तुमच्या मजकुरात मात्र गळतीचा उल्लेखसुद्धा नाही. पत्रात ती मला सांगितलीत, आणि ज्यांना सांगायची त्यांच्यासाठी ‘भिकार’ एवढेच ठेवलेत.

इथे जुन्या पाच स्टारांकडेही थोडे वळावे लागेल, कारण ते आणि हा एक स्टार एकाच चुकीतून आले आहेत. तिसऱ्या दिवशी तुम्ही मिक्सरबद्दल लिहिले नव्हते, नवी वस्तू घरी आल्याच्या आनंदाबद्दल लिहिले होते. आज तुम्ही संतापाबद्दल लिहिता आहात. दोन्ही वेळा वाचणाऱ्याला तुमची मनःस्थिती कळली. भांडी किती लिटरची, रोज काय वाटले, किती माणसांचे वाटले, काय जमले आणि काय जमले नाही, हे काही कळले नाही. तिसऱ्या दिवशी प्रामाणिकपणे सांगता येण्यासारख्या गोष्टी थोड्याच असतात : खोके धड पोचले का, भांडी चित्रातल्याइतकीच मोठी आहेत का, वायर ओट्यावरच्या प्लगपर्यंत पुरते का, आवाज किती आहे. टिकाऊपणाबद्दल तिसऱ्या दिवशी काहीही बोलता येत नाही, आणि ‘डोळे झाकून घ्या’ हा तर टिकाऊपणाचाच दाखला आहे.

आवाजाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ‘आवाज फार आहे’ असे प्रत्येक मिक्सरबद्दल कोणीतरी लिहिलेले असतेच, आणि मोबाइलवरच्या ॲपने मोजलेला डेसिबलचा आकडा देणारे हौशी लोकही असतात. तो आकडा फोनच्या मायक्रोफोनवर आणि तुम्ही किती दूर उभे आहात यावर इतका अवलंबून असतो की त्याला फारसा अर्थ राहत नाही. त्यापेक्षा ‘स्वयंपाकघराचे दार लावले तरी शेजारच्या खोलीत झोपलेले बाळ जागे होते’ किंवा ‘आमच्या आधीच्या ५०० वॅटच्या मिक्सरपेक्षा आवाज जाणवण्याइतका जास्त आहे’ असे लिहिले, की कोणालाही अंदाज येतो. वॅटचेही तसेच आहे. ७५० हा आकडा मोटर किती वीज घेऊ शकते ते सांगतो, वाटण किती बारीक होईल ते नव्हे. त्यात पात्याचा आकार आणि भांड्याची घडण यांचा वाटा मोठा असतो. म्हणून ‘७५० वॅट असल्यामुळे जबरदस्त’ असे लिहिण्याऐवजी भिजवलेली उडीद डाळ किती वेळात आणि कितपत गंधासारखी वाटली गेली, ते लिहावे.

आता सिद्ध न करता येणारे वाक्य. ‘कंपनी चोर आहे’ असे लिहिताना तुम्ही कंपनीच्या हेतूवर आरोप करता, आणि हेतू तुम्ही पाहिलेला नाही. ‘तक्रार नोंदवल्यावर मेकॅनिक नवव्या दिवशी आला आणि भाग नसल्याने परत गेला’ हे तुम्ही पाहिले आहे, आणि तक्रार क्रमांकाचा संदेश तुमच्या फोनमध्ये असेल. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. एका अभिप्रायासाठी कोणी कोर्टात खेचेल असे मला वाटत नाही आणि तुम्हाला भीती घालावी असा हेतूही नाही. पण चोर म्हटल्याने आपलीच बाजू लंगडी होते. वाचणारा म्हणतो, बाई चिडल्या आहेत, आणि पुढे सरकतो. नऊ दिवसांचा हिशेब वाचून तो थांबतो.

हा हिशेब लिहिताना तो मिक्सरच्या खात्यात घालू नका. वस्तू, विक्रेता, पोचवणारा आणि दुरुस्तीची सेवा ही चार निराळी खाती आहेत. खोके चेपलेले आले म्हणून मिक्सरचा एक स्टार कापणारे आणि सकाळी मागवलेले दुसऱ्या दिवशी आले म्हणून पाच स्टार देणारे, दोघेही दुसऱ्याचे गुण-दोष मिक्सरच्या माथी मारतात. सेवा मात्र थोडी वेगळी आहे. वॉरंटी हा वस्तूच्या किमतीतलाच भाग असल्यामुळे दुरुस्तीच्या दिरंगाईला अभिप्रायात जागा आहे. फक्त तिच्यासाठी वेगळे वाक्य करावे आणि गाव लिहावे, कारण पुण्यात जी सेवा दुसऱ्या दिवशी मिळते ती कराडला नवव्या दिवशी मिळू शकते, आणि तुमच्या आसपासच्या गावांतल्या ग्राहकाला नेमके तेच जाणून घ्यायचे असते. मेकॅनिकचे नाव किंवा फोन नंबर कदापि लिहू नका. सुटा भाग त्याच्याकडे नव्हता, यात त्याचा दोष असेलच असे नाही.

त्या २०० रुपयांबद्दल तुम्ही ओघात लिहिले आहे, पण माझ्या मते पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. पाच स्टारच दिले तर पैसे, ही अट असलेला अभिप्राय विकत घेतलेला असतो, मग लिहिणाऱ्याला तेव्हा मिक्सर मनापासून आवडलेला का असेना. भारतीय मानक ब्युरोने २०२२च्या नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. ते ऐच्छिक आहे आणि मुख्यतः अभिप्राय गोळा करणाऱ्या व प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांसाठी आहे, पण विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध होऊ नयेत ही भूमिका त्यात स्पष्ट आहे. त्याआधीच्या, २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहायला मनाई केली आहे. ग्राहकाच्या हातात २०० रुपये ठेवून लिहवून घेणे हा त्याच इच्छेचा दुसरा मार्ग झाला. तुम्ही काही गुन्हा केलात असे मी म्हणत नाही. पण नव्या अभिप्रायात त्या कार्डाचा उल्लेख एका वाक्यात करा आणि कार्ड अजून घरात असेल तर त्याचा फोटो काढून संकेतस्थळाकडे वेगळी तक्रार द्या. असे कार्ड पुष्कळदा कंपनीचे नसून विक्रेत्याचे असते, म्हणून ‘कंपनी पैसे देते’ असे मात्र लिहू नका. ‘खोक्यात असे कार्ड होते’ एवढेच तुम्हाला ठाऊक आहे.

स्टार किती द्यावेत? मजकूर आधी लिहावा आणि स्टार शेवटी द्यावेत, असे मी सुचवीन. ऑनलाइन स्टारांची विभागणी पाहिली तर पाचांचा ढीग दिसतो, एकाचा छोटा ढीग दिसतो आणि मधली जागा बरीचशी रिकामी असते, कारण खूश झालेला लिहितो आणि चिडलेला लिहितो; ठीकठाक वाटलेला मनुष्य लिहायला बसतच नाही. एक स्टार मी अशा वस्तूसाठी राखून ठेवीन, जी तिचे मुख्य काम करतच नाही किंवा वापरायला धोक्याची आहे. तुमचा मिक्सर पाच महिने रोजचे वाटण करतो आहे, एक भांडे गळते आहे आणि दुरुस्ती रखडली आहे. मी आज दोन स्टार देईन, आणि भांडे विनाशुल्क बदलून मिळाले तर तीन. खोबऱ्याची चाचणी तुमच्या बाजूने निघाली, म्हणजे काळजी घेऊनही मिक्सर बंद पडला, तर मात्र भांडे मिळाले तरी दोनच.

पत्रातल्या तपशिलांवरून एक मसुदा लिहून देतो. खोबऱ्याच्या चाचणीत मिक्सर चालला आणि कागद ओला झाला, असे मी धरून चाललो आहे; वाटण, माणसे, डाळ आणि आवाज यांचे तपशील मी अंदाजाने घातले आहेत. तुमच्याकडे वेगळे काही असेल ते बदला, आणि जे आठवत नसेल ते वाक्य सरळ गाळा.

«पाच महिने रोज वापरल्यानंतर लिहीत आहे. पाच माणसांचे घर; रोज ओल्या खोबऱ्याची चटणी, शेंगदाण्याचा कूट आणि आठवड्यातून एकदा इडलीचे पीठ. पीठ आणि ओले वाटण चांगले बारीक होते, उडीद डाळ मोठ्या भांड्यात दोन वेळा घालून वाटावी लागते. सुके खोबरे भांडे भरून घेतले तेव्हा मिक्सर दोनदा बंद पडला. निम्म्याहून कमी, भाजून गार केलेले खोबरे थांबत थांबत वाटले तर बंद पडत नाही. मोठे वाटण करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. चटणीचे भांडे पाचव्या महिन्यात तळातून गळू लागले. पाणी भरून कागदावर ठेवले तर पंधरा मिनिटांत कागद ओला होतो. बाकीची भांडी गळत नाहीत. वॉरंटीत तक्रार केली. कराडला मेकॅनिक नवव्या दिवशी आला, सुटा भाग नसल्याने परत गेला, भांडे अजून बदलून मिळालेले नाही. आवाज आधीच्या मिक्सरपेक्षा जास्त आहे, पण सवय झाली. हा अभिप्राय मी तिसऱ्या दिवशी पाच स्टार देऊन लिहिला होता. तेव्हा खोक्यात पाच स्टारांसाठी २०० रुपयांचे कार्ड होते आणि ते पैसे मी घेतले होते. वापरानंतरचे मत म्हणून तो बदलत आहे.»

यात एकही विशेषण मोठे नाही, तरी गळतीची तक्रार तुमच्या आधीच्या मजकुरापेक्षा अधिक बोचते असे मला वाटते, कारण तिला कागद आणि पंधरा मिनिटे यांची साक्ष आहे. ‘बाकीची भांडी गळत नाहीत’ हे वाक्य कंपनीवर उपकार म्हणून घातलेले नाही. दोष एका भांड्याचा आहे की एकूण घडणीचा, हे त्यामुळे वाचणाऱ्याला ताडता येते. तीच तक्रार आणखी चार जणांनी चटणीच्याच भांड्याबद्दल केलेली आढळली, की त्याला उत्तर मिळते. चांगले आणि वाईट समसमान भरलेच पाहिजे अशीही सक्ती करून घेऊ नका. वस्तूत तीन दोष आणि एकच गुण असेल तर तसेच लिहावे. समतोल राखण्यासाठी ‘रंग मात्र सुरेख आहे’ असे शोधून काढण्याची गरज नाही.

नवा अभिप्राय वेगळा टाकण्यापेक्षा जुन्यातच बदल करा. बहुतेक संकेतस्थळांवर आपल्या खात्यात शिरून आपला अभिप्राय दुरुस्त करता येतो. वेगळा टाकलात आणि जुनाही राहिला, तर एकाच घराचे दोन स्टार-संच हिशेबात धरले जातात आणि दोन्ही एकमेकांना खोटे पाडतात. फोटो लावायचा तर ओल्या कागदावरच्या भांड्याचा लावा. बिलाचा लावणार असाल तर पत्ता आणि फोन नंबर झाकून घ्या.

आणि भांडे बदलून मिळण्यासाठी अभिप्रायावर विसंबू नका. कंपनीला तक्रार क्रमांकासह पुन्हा लिहा, आठवडाभरात उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्या बोलण्यात ‘भांडे द्या, नाहीतर एक स्टार देते’ असे मात्र चुकूनही म्हणू नका, नाहीतर २०० रुपयांच्या कार्डवाल्याचा आणि आपला धंदा एकच होईल. भांडे मिळाले, की मसुद्यातल्या ‘अजून बदलून मिळालेले नाही’ या शब्दांच्या जागी ते कोणत्या तारखेला मिळाले आणि पैसे लागले की नाही, तेवढे लिहा.